चौथी ओळ आणि पाचवी ओळ

माझं अक्षर चांगलं होतं आणि हात स्थिर होता, एवढ्या भांडवलावर मला नाशकात एका वकिलांकडे कारकुनाची जागा मिळाली. त्याआधी मी एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवत होतो. ती जागा गेली आणि त्याच वर्षी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. घरी आई आणि मी. आई दुसऱ्या लग्नाचा विषय काढायची, मी जेवण अर्धं टाकून उठायचो. कचेरीत बसलो की दिवस तरी सरत असे.

वकीलसाहेब वयस्कर होते, दिवाणी कामं करायचे. वाटणीचे, वारसाचे, दत्तकाचे दावे त्यांच्याकडे जास्त यायचे आणि अशा प्रत्येक दाव्याला वंशावळ लागायची. ती काढायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. सुरुवातीला मला वाटलं, यात काय आहे? नावं लिहायची आणि रेघा ओढायच्या. पहिलीच वंशावळ मी वयाच्या मानाने मांडली, मोठे वर आणि लहान खाली. साहेबांनी कागद पाहिला आणि परत दिला. एका म्हाताऱ्याला तिसऱ्या बायकोपासून उतारवयात झालेला मुलगा मी त्याच्या पुतण्यांच्या ओळीत बसवला होता, कारण पुतणे त्याच्याहून मोठे होते.

"वय पाहायचं नाही, पिढी पाहायची," साहेब म्हणाले. "काका पाळण्यात असला तरी काकाच."

त्यानंतर मी माझी रीत बसवली. आधी प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करायची आणि तिच्या कोपऱ्यात पिढीचा आकडा घालायचा. मूळपुरुषाला एक, त्याच्या मुलांना दोन, पुढे बापाच्या आकड्यात एक मिळवत जायचं. बायकोला नवऱ्याचाच आकडा. मग कागदावर पेन्सिलीने सारख्या अंतरावर आडव्या फिक्या रेघा आखायच्या, जितक्या पिढ्या तितक्या. चिठ्ठ्या आपापल्या रेघेवर ठेवायच्या, पण मांडणी खालून वर करायची. सगळ्यात खालच्या ओळीत माणसं जास्त असतात, त्यांना जागा मिळाली की आईबाप त्यांच्या बरोबर मध्यावर येतात. एकाला दोन बायका असल्या तर त्याला मध्ये घ्यायचं, पहिली एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला. मुलांची रेघ त्याच्या नावाखालून काढायची नाही. नवरा आणि ती ती बायको यांना जोडणाऱ्या आडव्या रेघेतून ती खाली सोडायची, म्हणजे कोण कुणाच्या पोटचं ते विचारावं लागत नाही. विधवा पाट लावून दुसऱ्या घरी गेली असेल तर तिचं नाव पहिल्या नवऱ्याशेजारी राहतं, खाली तेवढं लिहायचं. दुसऱ्या नवऱ्याची मुलं आपल्या कागदावर येत नाहीत.

दत्तकाचं तेवढं वेगळं. दत्तक मुलाला घेणाऱ्या बापाच्या आकड्यात एक मिळवून आकडा द्यायचा आणि त्याला तुटक रेघेने जोडायचं. तो त्याच भाऊबंदातला असेल तर जन्माच्या जागीही त्याचं नाव येतं, पण कंसात, आणि खाली 'दत्तक गेला'. त्या कंसाखाली काही येत नाही. निदान मला तेव्हा तसंच वाटत होतं.

निफाडकडचे ते लोक थंडीत आले. एक बाई, चाळिशी ओलांडलेली, हातात काकण नाही, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. बरोबर तिचा थोरला मुलगा, चोविशीतला. शेतकरी माणसं. नाशिक रोडला गाडीतून उतरून चालत आली होती. थोरला बोलायला सावकाश होता, पण त्याने हकीकत नीट सांगितली. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगे दोघे, हा आणि त्याचा धाकटा भाऊ. धाकट्याचं लग्न झालं आणि त्याच्या सासऱ्याने घरात लक्ष घातलं. आता गावच्या दप्तरात वारस म्हणून एकट्या धाकट्याचं नाव लागलं होतं. थोरल्याला कळलं तेव्हा त्याने भावाला विचारलं. भाऊ खाली मान घालून म्हणाला की सासरे म्हणतात कायदाच तसा आहे.

साहेबांना ते साधं प्रकरण वाटलं. एका बापाचे दोन मुलगे, दोघांना सारखा वाटा. सासरा दांडगाई करतोय. दावा लिहायला घेऊ, तोवर वंशावळ तयार करा, असं मला सांगून ते कोर्टात गेले.

मी मायलेकांना ओसरीवर बसवून चिठ्ठ्या करायला लागलो. बाई भराभर सांगत होती. सासरची सगळी माणसं तिला पाठ होती. मूळपुरुष एक. त्याला दोन मुलगे, त्यांच्यात वीस वर्षांचं अंतर. मोठ्याचा मुलगा म्हणजे तिचे सासरे, आणि त्यांचा मुलगा तिचा नवरा. सासऱ्यांच्या एका भावाची बायको पाट लावून सिन्नरकडे गेली, तीही तिने सांगितली. मूळपुरुषाच्या लहान मुलाला दोन बायका. पहिलीला एक मुलगी, ती लग्न होऊन गेली. दुसरीला मूल नाही. तो वारल्यावर या दुसरीने, विधवेने, दत्तक घेतला. कोणाला? भाऊबंदातलाच जवळचा म्हणून या बाईच्या नवऱ्याला.

मी आकडे घालत होतो. तिचा नवरा जन्माने चौथ्या पिढीचा. पण दत्तक गेला तो आजोबांच्या भावाकडे, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या माणसाकडे. तेव्हा तो तिसऱ्या ओळीत चढला, आपल्या जन्मदात्या बापाच्या शेजारी. असं मी पूर्वी एकदा पाहिलं होतं, त्यामुळे गोंधळलो नाही. चौथ्या ओळीत त्याचं नाव कंसात घातलं, तिसऱ्यात ठळक लिहिलं आणि बाईचं नाव त्याच्या शेजारी घेतलं. आता त्याचे दोन मुलगे चौथ्या ओळीत घ्यायचे, की काम झालं.

तेवढ्यात थोरल्याने सकाळी साहेबांना दाखवलेला, फडक्यात गुंडाळलेला कागद पुन्हा काढला. दत्तकपत्र. त्याने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"यात माझं पन लिवलंय," तो म्हणाला. "आज्यानं मुद्दाम लिवून घेतलं हुतं."

खरंच लिहिलेलं होतं. त्याचे आजोबा, म्हणजे बाईचे सासरे, यांनी मुलगा देताना दत्तकपत्र लिहिणाऱ्याकडून एक वाक्य घालून घेतलं होतं, की माझा मुलगा आपली बायको आणि तीन वर्षांचा मुलगा यांसह तुमच्या घरी येत आहे, त्या सर्वांचा सांभाळ करावा. नातू मागे राहू नये, ही त्या म्हाताऱ्याची काळजी होती. बाईला ते वाक्य तोंडपाठ होतं. तो दिवस तिने मला सांगितला. नवरा नव्या आईच्या मांडीवर बसला. तो पंचवीस वर्षांचा बाप्या, लाजून चूर झाला होता. आणि हा तीन वर्षांचा थोरला रडायला लागला, तेव्हा त्यालाही उचलून नव्या आजीच्या मांडीवर ठेवलं. बायका हसल्या होत्या. धाकटा त्यानंतर दोन वर्षांनी त्याच नव्या घरात जन्मला.

मी थोरल्याची चिठ्ठी हातात घेतली आणि तिच्या कोपऱ्यात काय घालावं ते मला सुचेना. बाप तिसऱ्या ओळीत म्हणून हा चौथा. पण हा जन्मला तेव्हा बाप चौथ्या ओळीत होता, म्हणजे हा पाचवा. वाक्य म्हणत होतं की तो बापाबरोबर गेला. मला काहीतरी ऐकल्यासारखं आठवत होतं, पण खात्री नव्हती. मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि मायलेकांना भाकरी खाऊन घ्यायला सांगितलं.

साहेब दुपारी परत आले. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "साहेब, याला कुठल्या ओळीत घेऊ?"

त्यांनी दत्तकपत्र मागितलं. सकाळी त्यांनी त्याची नोंदणी तेवढी पाहिली होती, मजकूर वाचला नव्हता. आता उभ्यानेच वाचला, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला अजून वाटतं, मी तो प्रश्न विचारला नसता तर काय झालं असतं. काही वेगळं झालं नसतं, हे मला कळतं. धाकट्याच्या सासऱ्याच्या वकिलाला ते ठाऊकच होतं, म्हणून तर दप्तरातून नाव गेलं होतं. तरी मी विचारला, हे खरं.

साहेबांनी दोघांना आत बोलावलं आणि समजेल असं सांगितलं. दत्तक जातो तो माणूस आणि त्याची बायको. दत्तकाच्या आधी झालेला मुलगा त्याच्याबरोबर जात नाही. तो जन्माच्या घरीच राहतो, आजोबांच्या कुळात. दत्तकानंतर झालेला मुलगा नव्या घरचा. आजोबांनी काहीही लिहून घेतलं तरी त्याने कायदा बदलत नाही. उलट त्या वाक्यामुळेच सिद्ध होतं की मुलगा आधीचा आहे.

थोरला ऐकत होता. त्याने एकच विचारलं, की मग एकवीस वर्षं त्या घरात आपण कोण म्हणून राहिलो. साहेबांनी त्यावर दुसरी वाट सांगितली, जन्माच्या घरच्या जमिनीत त्याचा हक्क शाबूत आहे, तिथे मागता येईल. थोरला म्हणाला की तिथे चुलत्याची पाच पोरं दोन एकर मुरमाड रानावर जगतात. त्यांची तोंडं तो लग्नकार्यात पाहतो तेवढीच. त्यांच्यावर दावा लावायला तो तयार नव्हता.

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. बाई मात्र माझ्या टेबलाशी आली. साहेब आत होते. ती हळू आवाजात बोलली.

"भाऊ, तो बी नंतरच झाला असं लिवा. मी देवापुढं हात ठिवून सांगीन. आईपरीस कुनाला म्हाईत आसनार?"

मी तिला म्हणालो की दत्तकपत्रात तीन वर्षांचा मुलगा लिहिलाय. ती म्हणाली, तो कागद हरवला असं सांगू. मी म्हणालो, त्याची नक्कल सरकारात आहे, आणि जन्ममृत्यूचं बुकही आहे. ती टेबलापासून हलली नाही. तिच्यासाठी की स्वतःसाठी ते ठाऊक नाही, मी नवा कागद घेतला, रेघा आखल्या आणि दोघा भावांना चौथ्या ओळीत शेजारी शेजारी मांडलं. आईबाप वर बरोबर मध्यावर आले. कागद सुरेख दिसत होता. बाईला वाचता येत नव्हतं. मी बोटाने दाखवलं, हा थोरला, हा धाकटा, वर तुम्ही. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं.

साहेबांनी संध्याकाळी तो कागद पाहिला. रागावले नाहीत. घडी घालून खणात ठेवला आणि म्हणाले, "खरी काढा. निदान काय गेलं ते तरी त्या पोराला नीट दिसू दे."

मी खरी काढली. थोरला पाचव्या ओळीत गेला. चौथ्या ओळीतल्या बापाच्या कंसातल्या नावाखाली, जिथे काही येत नाही असं मी समजत होतो तिथे, त्याची रेघ आली. धाकटा चौथ्या ओळीत, कागदाच्या दुसऱ्या टोकाला. दोघांच्या मध्ये वीतभर कोरी जागा आणि उंचीत एका ओळीचा फरक. ओळी सरळ होत्या, रेघा कुठेही एकमेकींना कापत नव्हत्या. कारागिरी म्हणून पाहिलं तर माझ्या हातची ती सगळ्यात चांगली वंशावळ होती.

साहेबांनी समेटाचा प्रयत्न केला. धाकट्याला निरोप धाडला आणि तो सासऱ्याला न सांगता आला. एकोणीस वर्षांचा, अजून मिसरूड नीट न फुटलेला. थोरल्याशेजारी बाकावर बसला तर दोघांच्या बसण्याची ढब एकच. साहेबांनी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाले की कायदा तुझ्या बाजूने आहे, पण तू आपण होऊन भावाला वाटा लिहून दिलास तर तुला कोणी अडवू शकत नाही.

धाकटा चार इयत्ता शिकलेला होता. त्याने नावं एकेक करून वाचली. आपलं सापडलं, भावाचं सापडायला वेळ लागला.

"दादा खालच्या ओळीत का?" त्याने मला विचारलं.

मी सांगितलं. तो हिशेब लावत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी कागदावर मी दादाचा चुलता?"

कोणी हसलं नाही. थोरला म्हणाला, "व्हय. तू वर हायस." आणि पुढे, "तू पडलास तवा विहिरीत मीच उतरलो हुतो. तवा कुनी वळ इचारली नाय."

धाकटा रडायला लागला. साहेबांपुढे, माझ्यापुढे, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत रडला. म्हणाला की निम्मं देतो, आठ दिवसांत येऊन सही करतो. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाईने दोघांना चहा पाजायचा आग्रह धरला आणि तिघं कचेरीसमोरच्या दुकानात गेली. मी खिडकीतून पाहत होतो. मला वाटलं, झालं, या कागदाचं काम संपलं.

आठ दिवसांनी धाकटा आला नाही. पंधरा दिवसांनी आला नाही. साहेबांनी पत्र घातलं, त्याचं उत्तर सासऱ्याच्या वकिलाकडून आलं, की आमच्या अशिलाचा तसा काही विचार नाही.

बाई एकटीच आली त्यानंतर. थोरला घर सोडून गेला होता, बायको आणि तान्ही मुलगी घेऊन. आधी उसाच्या रानात मजुरीला, मग खानदेशाकडे, कुठल्याशा सरकीच्या कारखान्यात. ती त्याच्याबरोबर निघाली होती, पण त्यानेच तिला नको म्हटलं. आपल्यालाच छप्पर नाही, तुला कुठं ठेवू, म्हणाला. आता ती धाकट्याच्या घरी होती. सून वाढेल ते खायची. दावा करायचा नव्हता तिला. कागद पाहायचा होता, तेवढ्यासाठी ती आली होती.

मी खरी वंशावळ काढून टेबलावर पसरली. तिने आपलं नाव कुठे आहे ते विचारलं. मी तिसऱ्या ओळीत दाखवलं, नवऱ्याशेजारी. मग धाकटा दाखवला, त्याची रेघ तिच्यापर्यंत जात होती. मग थोरला. तिने थोरल्यापासून रेघेवर बोट ठेवून वर नेलं आणि कंसापाशी थांबली.

"हितं कोन?"

"तुमचे मालक. जन्माच्या घरचे."

"त्यांच्या बाजूला मी नाय?"

मी सांगितलं की बायको नवऱ्याबरोबर नव्या घरी जाते, म्हणून नाव तिकडे घेतलंय, एका माणसाचं नाव दोनदा ठळक येत नाही.

ती म्हणाली, "मंग थोरल्याला आई नाय का?"

मी दौतीत टाक बुडवला, कंसातल्या नावाशेजारी तिचं नाव लिहिलं, तेही कंसात, आणि दोघांना जोडणारी रेघ ओढून थोरल्याची रेघ तिच्यातून खाली सोडली. कुठल्या कायद्याला धरून होतं ते, विचारू नका. तिने मान हलवली. तो कागद घेऊन जायला मी सांगितलं, तर म्हणाली, घरात ठेवायला जागा नाही, सुनेच्या हाती लागेल. तो आमच्याकडेच राहिला.

त्या रात्री मी आईला सांगितलं की दुसरं लग्न करणार नाही. तिने कारण विचारलं. मला आमची वंशावळ डोळ्यांपुढे दिसत होती. माझ्या डाव्या हाताला एक नाव, त्याच्याखाली काहीच नाही. उजव्या हाताला दुसरं नाव आलं की कागद भरेल, लोक तिकडेच पाहतील. हे आईला कसं सांगायचं? पुढे चार वर्षांनी मी केलंच लग्न.

त्याच सुमाराला धाकटा पुन्हा कचेरीत आला. आता अंगाने भरला होता, डोक्याला फेटा, बरोबर गावचा एक माणूस. त्याचा सासरा वारला होता. कसल्याशा सरकारी कामासाठी त्याला घराण्याची वंशावळ हवी होती, आणि ती आमच्याकडे तयार आहे हे त्याला ठाऊक होतं. साहेब तोवर थकले होते, कचेरीत क्वचितच यायचे. मीच त्याच्याशी बोललो. आईची चौकशी केली. ती आदल्या पावसाळ्यात गेली, म्हणाला. तापाने. थोरल्याला कळवलं का, विचारलं. त्याने सांगितलं की खानदेशातून एकदा पत्र आलं होतं, पण ते सासऱ्यांच्या हाती लागलं आणि पत्ता राहिला नाही. त्याने शोधायला माणूस पाठवला होता. कारखाना मिळाला, पण तिथून थोरला कधीच गेला होता, कुठे ते कोणाला माहीत नव्हतं.

मी जुना कागद काढला. त्याने तो उभ्याने पाहिला. पाचव्या ओळीवर त्याची नजर थांबली. आईचं कंसातलं नाव त्याने वाचलं असावं, कारण तिथे त्याने अंगठा टेकवला. मग म्हणाला, "ही बाजू नका घिऊ. आमच्या शाखंची तेवढी द्या. सरकारी साहेबांनी मागितलीय ती आमच्याच घराची."

त्याचं चुकत नव्हतं. मागितलं होतं तेवढंच द्यायचं होतं, आणि त्या शाखेत थोरला कुठेच नव्हता. मी विचारलं, "दादांना ठेवायचंच नाही का कुठे?"

तो कागदाकडे पाहत म्हणाला, "ठिवून काय करू, मास्तर? तो येनार हाय का?"

मी नवा कागद घेतला आणि चारच रेघा आखल्या. मूळपुरुष, त्याचा लहान मुलगा, दोन बाजूंना दोन बायका, दुसरीखालून तुटक रेघेने दत्तक, त्याच्या शेजारी ती बाई, आणि खाली एकटा धाकटा. त्याला अजून मूल नव्हतं. अर्ध्या तासात काम झालं. आखायला, खोडायला, विचारायला काही नव्हतंच. त्याने कागद फडक्यात गुंडाळला, मला रामराम केला आणि बरोबरच्या माणसाला घेऊन स्टेशनच्या टांग्याकडे गेला.

साहेब वारल्यावर कचेरीचं दप्तर विकलं गेलं, काही वाण्याकडे पुड्यांना गेलं. तो जुना पाच ओळींचा कागद त्यात होता. मी शोधला, दोन दिवस शोधला, मला सापडला नाही.